राजीनाम्यावर सही करण्याआधी

चि. लेकरा,

अनेक आशीर्वाद.

तुझा शनिवारचा मेसेज दोनदा वाचला. शेवटी लिहिलंस, "काका, आता सहन होत नाही. सोमवारी राजीनामा टाकतो आणि मग केस करू. मोबाईलवर बघितलंय, याला कन्स्ट्रक्टिव्ह डिसमिसल म्हणतात." केस करायची असेल तर करू, मी आहे. पण सोमवारी राजीनामा टाकू नकोस. का, ते फोनवर पाच मिनिटांत सांगून होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

तू बघितलेला व्हिडिओ खोटा नाही, पण तो इंग्लंडच्या कायद्यावरचा आहे. तिथल्या १९९६ च्या कायद्यात सरळ लिहिलंय की मालकाच्या वागण्यामुळे कामगाराला नोकरी सोडणं भाग पडलं, तर कागदावर राजीनामा असला तरी ती बडतर्फीच धरायची. तिथे कामगाराने फार दिवस गप्प राहायचं नसतं. तो सहन करत कामावर येत राहिला तर बदललेली परिस्थिती त्याने मान्य केली असं मालक म्हणू शकतो. म्हणून तिथला वकील लवकर निर्णय घ्यायला सांगतो.

आपल्याकडे गणित उलटं आहे. आपल्या कामगार कायद्यांत कन्स्ट्रक्टिव्ह डिसमिसल या नावाचं कलम नाही. कामगाराला संरक्षण आहे ते कामावरून काढण्याविरुद्ध, सूडबुद्धीने वागवण्याविरुद्ध आणि दुष्ट हेतूने केलेल्या बदलीविरुद्ध. तू स्वतःच्या हाताने "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे" असं लिहून दिलंस, की कोर्टात मालकाचा वकील उठून एकच वाक्य बोलतो: याला आम्ही काढलंच नाही, हा स्वतः गेला. तिथून पुढे, राजीनामा खरा नव्हता हे सिद्ध करायचं ओझं तुझ्यावर येतं. ते ओझं उचलता येतं, माणसांनी उचललंही आहे. पण तू अजून कामावर आहेस, हजेरीपटावर तुझं नाव आहे. असं असताना ते ओझं मुद्दाम अंगावर कशाला घ्यायचं?

आता तुझी हकिगत तारीखवार लावून बघ. कोर्ट तुझ्याकडे असंच बघणार आहे.

तू तीन वर्षं शंभर टनी पॉवर प्रेसवर ऑपरेटर आहेस. प्रेसला दोन हातांची दोन बटणं असतात. दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय रॅम खाली येऊ नये, म्हणजे डाय मिटताना दोन्ही हात बाहेर असतात. उत्पादन वाढावं म्हणून सुपरवायझरने एक बटण कायमचं दाबून बांधून ठेवलं आणि सेन्सर बायपास केला. ४ ऑगस्टला तू औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार दिलीस. २० ऑगस्टला अधिकारी येऊन पाहणी करून गेले. २२ ऑगस्टला तोंडी हुकूम आला आणि तुला प्रेसवरून काढून भंगार यार्डात टाकलं. १ सप्टेंबरपासून सलग रात्रपाळी, ओव्हरटाईम बंद. १९ सप्टेंबरला दहा मिनिटं उशिरा आल्याची कारणे दाखवा नोटीस, जी तीन वर्षांत कधी आली नव्हती. आणि आता एचआर म्हणतोय, "गुजरातमधल्या साणंदच्या युनिटला बदली करतो, नाहीतर राजीनामा दे आणि फुल अँड फायनल घेऊन मोकळा हो."

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर मालकाकडे प्रत्येकीचं उत्तर आहे. पाळी ठरवणं व्यवस्थापनाचा अधिकार. काम बदलणं उत्पादनाची गरज. उशिरा आला म्हणून नोटीस. नेमणूकपत्रात बदलीची अट आहेच. कोर्टही सुट्या गोष्टीवर सहसा हात घालत नाही, कारण रात्रपाळी त्रासाची असली तरी ती बेकायदा नाही. तुझं प्रकरण उभं राहतं ते दोन गोष्टींवर. एक, हे सगळं तक्रारीनंतर आणि तक्रारीला चिकटून घडलंय. दुसरी, हे फक्त तुझ्याच वाट्याला आलंय. बाकीच्या ऑपरेटरांची पाळी दर आठवड्याला फिरते आणि तुझी फिरत नाही, हे हजेरीपटावरून दिसलं की "उत्पादनाची गरज" हे उत्तर लंगडं पडतं. तुझ्या प्रेसवर आता कोण आहे ते बघून ठेव. नवा, न शिकलेला पोरगा तिथे बसवला असेल तर ती तुझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. अनुभवी ऑपरेटर भंगारात आणि शिकाऊ प्रेसवर, यात कुठल्याच कारखान्याचा फायदा नसतो.

इथे एक बारकावा आहे, आणि बरीच प्रकरणं तिथेच पडतात. सूड घेतला असं म्हणायचं तर तक्रार तू केलीस हे मालकाला माहीत होतं, हे आधी दाखवावं लागतं. निनावी तक्रार करणाऱ्याचं नाव लपतं, पण पुढे त्रास सुरू झाला की तोच माणूस अडचणीत येतो. मालक म्हणतो, आम्हाला ठाऊकच नव्हतं कोणी केली, मग सूड कुणावर उगवणार? तुझ्याकडे याचं उत्तर आहे. २१ ऑगस्टच्या रात्री एचआरने तुला व्हॉट्सॲपवर पाठवलंय, "इन्स्पेक्टरला बोलावण्याआधी आमच्याशी बोलायचं होतं." तो मेसेज सोन्यासारखा जप. नुसता स्क्रीनशॉट काढून मूळ चॅट पुसू नकोस. फोन बदलू नकोस, विकू नकोस, घरात दुसऱ्याला वापरायला देऊ नकोस. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू आहे. त्यातही अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यासाठी मेसेज ज्या फोनवर आला तो फोन जागेवर असलेला बरा.

आता तू विचारशील, आपल्याकडे राजीनामा दिलेल्या माणसाला कोर्टाने कधी परत घेतलंय का. घेतलंय. १० फेब्रुवारी २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, मध्य प्रदेशातल्या एका महिला न्यायाधीशाचा. त्या ग्वाल्हेरला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश होत्या. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींकडून आपल्याला त्रास होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. जुलै २०१४ मध्ये, शैक्षणिक वर्षाच्या मधेच, त्यांची बदली दूरच्या सिधीला झाली. मुलगी बारावीला. बदली थांबवा म्हणून त्यांनी लागोपाठ विनंतीअर्ज केले, ते फेटाळले गेले, आणि त्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की परिस्थितीच अशी आणली गेली की राजीनाम्याशिवाय दुसरा मार्ग उरला नाही, त्यामुळे तो स्वेच्छेचा राजीनामा मानता येत नाही. त्यांना सेवेत सलगता देऊन परत घ्यायचा आदेश झाला.

हा निकाल नीट वाचला तर तुझ्या कामाच्या तीन गोष्टी त्यात सापडतात. मूळ आरोप खरा की खोटा यात न्यायालय शिरलं नाही. त्यांनी बदली कशी झाली आणि अर्ज कसे हाताळले गेले ते तपासलं. म्हणजे सेन्सर बायपास होता की नव्हता याचा निकाल लागेपर्यंत तुझं प्रकरण अडून बसत नाही. दुसरं, राजीनाम्याआधीचे लेखी अर्ज त्यांच्याकडे होते. ते नसते तर "नाइलाज झाला" हे फक्त त्यांचं तोंडी म्हणणं राहिलं असतं. तिसरी गोष्ट कडू आहे. निकाल यायला साडेसात वर्षं लागली आणि मधल्या काळाचा पगार त्यांना मिळाला नाही. स्वतः न्यायाधीश असलेल्या बाईची ही गत झाली. शिवाय त्या सरकारी सेवेत होत्या म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयात रिट करता आली. खासगी कारखान्यातल्या तुला तो रस्ता नाही.

तुझा रस्ता इथलाच, छत्रपती संभाजीनगरच्या कामगार न्यायालयाचा आणि औद्योगिक न्यायालयाचा. आपल्या राज्यात १९७१ चा कायदा आहे, कामगार संघांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा. वाळूजच्या गेटवर त्याला सगळे यूएलपी म्हणतात. अनुचित प्रथा कोणत्या, याची यादी त्याच्या चौथ्या परिशिष्टात आहे. सूडबुद्धीने कामावरून काढणं त्यात आहे, व्यवस्थापनाच्या धोरणाचं नाव पुढे करून दुष्ट हेतूने बदली करणं आहे, एका गटाला झुकतं माप देणंही आहे. काढल्याची तक्रार कामगार न्यायालयात जाते, बदलीची औद्योगिक न्यायालयात. मालकाविरुद्ध तक्रार किंवा साक्ष दिली म्हणून भेदभाव करणं हेही एक कलम त्या यादीत आहे, पण ते औद्योगिक विवादाशी जोडलेलं आहे. तुझी तक्रार सुरक्षेची होती, म्हणून फक्त त्या कलमावर भिस्त ठेवणं मला पटत नाही. आपण सूड आणि बदली या दोन पायांवर उभे राहू.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तिच्या परिशिष्टातही अनुचित प्रथांची जवळजवळ हीच यादी आहे. अर्ज कुठल्या कायद्याखाली घालायचा ते मी बघतो, त्याची काळजी तू करू नकोस. तू फक्त एक आकडा डोक्यात ठेव: नव्वद दिवस. १९७१ च्या कायद्याखालची तक्रार घटनेपासून नव्वद दिवसांत करायची असते. उशिराला सबळ कारण असलं तर कोर्ट मुदत वाढवून देऊ शकतं, पण त्यावर विसंबून राहायचं नाही. २२ ऑगस्टला तुला भंगार यार्डात टाकलं, तिथून नव्वद दिवस २० नोव्हेंबरला भरतात. ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेव. काढून टाकल्यानंतर समेट अधिकाऱ्याकडे जायचा दुसरा रस्ता असतो. त्याला जुन्या कायद्यात तीन वर्षं होती, नव्या संहितेत दोन. लोक "अजून वेळ आहे" म्हणत बसतात ते त्या मोठ्या मुदतीवर, आणि तेवढ्यात जवळची मुदत निघून जाते.

त्याआधी एक बघून घे. तुझं नेमणूकपत्र आणि पगारस्लिप नेमकी कुणाच्या नावाची आहे, कंपनीच्या की ठेकेदाराच्या? तू कंपनीचा म्हणालास, पण कागद मला डोळ्यांनी बघू दे. स्लिपवर ठेकेदाराचं नाव असेल आणि आपण कंपनीविरुद्ध यूएलपी केली, तर कंपनी म्हणते हा आमचा कामगारच नाही. आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर ते आधी वेगळ्या मंचावर सिद्ध करा, मग या कायद्याखाली या. आपल्या पट्ट्यातली निम्मी पोरं वर्षानुवर्षं ठेक्यावर राबतात. कामात काही फरक नसतो, पण अशा वेळी तो एक कागद त्यांना उघड्यावर आणतो. हे मी डोळ्यांनी पाहतो आणि मला त्याचा संताप येतो.

आता सोमवारी काय करायचं ते ऐक. राजीनाम्याऐवजी तू पत्र द्यायचंस. मी मजकूर लिहून देतो, तारखा तपासून स्वच्छ अक्षरात उतरव:

"प्रति, एचआर व्यवस्थापक. विषय: माझ्या कामात व पाळीत केलेल्या बदलाबाबत. महोदय, मी गेली तीन वर्षे प्रेस शॉपमध्ये पॉवर प्रेस ऑपरेटर म्हणून कायम कामगार आहे. ४ ऑगस्ट रोजी मी यंत्राच्या सुरक्षेबाबत संबंधित शासकीय कार्यालयात तक्रार केली. २० ऑगस्ट रोजी पाहणी झाली. २२ ऑगस्टपासून कोणताही लेखी आदेश न देता मला भंगार यार्डात काम देण्यात येत आहे. १ सप्टेंबरपासून मला सलग रात्रपाळी दिली जात आहे. माझ्यासोबतच्या इतर ऑपरेटरांची पाळी मात्र दर आठवड्याला बदलते. आपण मला राजीनामा देण्यास सांगितले आहे. मी राजीनामा दिलेला नाही व माझी तशी इच्छा नाही. दिलेले काम मी माझी हरकत कायम ठेवून करीत आहे. मला माझ्या मूळ कामावर घ्यावे व पाळी पूर्ववत करावी, ही विनंती."

बस, एवढंच. शिव्या नकोत, धमकी नको, "कोर्टात खेचीन" नको. दोन प्रती काढ. ऑफिसात एक देऊन दुसरीवर पोच माग. पोच देणार नाहीत, शंभरातले नव्वद देत नाहीत. मग त्याच दिवशी रांजणगावच्या तुझ्या खोलीवर जाण्याआधी पोस्टात जा. सगळे अजून रजिस्टर एडी म्हणतात, पण २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टात मिसळली आहे. स्पीड पोस्टाने पाठव, पोच मिळण्याची सोय माग, पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेव. ट्रॅकिंगवर "डिलिव्हर्ड" दिसलं की त्याचीही छपाई काढून ठेव. कंपनीच्या ई-मेलवरही हेच पत्र जाऊ दे.

"दिलेले काम हरकत कायम ठेवून करीत आहे" हे वाक्य गाळू नकोस. भंगार उचलणार नाही म्हणालास तर हुकूम मोडल्याचा आरोप तुझ्यावर येईल आणि मालकाला फुकटात काढायचं कारण मिळेल. हरकत न घेता वर्षभर भंगार उचललंस तर ते म्हणतील, याला चाललं होतं की. या दोन्ही खड्ड्यांमधून नेणारं ते वाक्य आहे. अपवाद एकच: सेन्सर बंद असलेल्या प्रेसवर हात घालायला सांगितलं तर घालायचा नाही. तिथे "हे जिवाला धोक्याचं आहे, सुरक्षा सुरू करा, मी लगेच काम करतो" असं लिहून द्यायचं. बोटं गेल्यावर कुठलंही कोर्ट ती परत देत नाही.

१९ सप्टेंबरच्या नोटिशीला उत्तर दिलं नसशील तर उद्याच दे. दहा मिनिटं उशीर झाला असेल तर झाला म्हण, कारण सांग, तीन वर्षांत पहिली नोटीस आहे हेही लिही. नोटिसा अशाच येत राहतील. एका मोठ्या आरोपापेक्षा दहा किरकोळ आरोपांची फाईल बांधणं त्यांना सोपं जातं. चौकशी लावली तर प्रत्येक तारखेला हजर राहायचं. "चौकशी नाटकी आहे" म्हणून घरी बसलेल्याची चौकशी एकतर्फी होते, आणि मग ती नाटकी होती हे सांगायला तुझ्याकडे काहीच उरत नाही.

घरी बसण्याबद्दल जरा जास्त सांगतो, कारण राजीनाम्याखालोखाल कामगार इथेच फसतो. त्रास असह्य झाला की माणूस चार दिवस गावाकडे जातो. तुझंही तेच चाललंय, कापूस वेचायला गंगापूरला जाऊ का म्हणालास. सांगितल्याशिवाय जाऊ नकोस. रजेचा अर्ज न देता आठ-दहा दिवस गैरहजर राहिलास की "काम सोडून गेला" म्हणून नाव कमी करतात. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डी. के. यादव प्रकरणात हे अडवलं. तिथे आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी म्हणून कामगाराचं नाव आपोआप कमी केलं होतं. कामगार म्हणत होता, मी रोज येत होतो, मला गेटवर अडवलं. न्यायालय म्हणालं, त्याचं ऐकून न घेता, चौकशी न करता असं काढता येत नाही, आणि त्याला निम्म्या मागील पगारासह परत घेतलं. निकाल चांगला आहे, पण लक्षात ठेव, त्यासाठी तो माणूस सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडला. उद्या तुला गेटवर अडवलं तर तासभर तिथे थांब, वॉचमनला नाव आणि वेळ विचार, सोबतच्या दोघांना दिसू दे, आणि त्याच दिवशी ई-मेल कर: "आज अमुक वाजता मला गेटवर अडवले, मी कामावर येण्यास तयार आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, पुन्हा लिही. काम सोडणं हा मनातल्या इराद्याचा प्रश्न असतो, आणि रोज येणाऱ्या माणसाचा इरादा सोडून जाण्याचा होता असं म्हणणं कुणालाही जड जातं.

खरंच तब्येत बिघडली असेल, झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, तर ते अंगावर काढू नकोस. तुझा ईएसआय कापला जातो. दवाखान्यात जा, डॉक्टरला खरं सांग, रजेचं प्रमाणपत्र घे. ईएसआयचा आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या ७० टक्के मिळतो. त्या कागदाने तुझी "गैरहजेरी" राहत नाही, आजारी रजा होते. आणि पुढे हा त्रास किती खोल गेला होता हे सांगायची वेळ आली तर त्या काळातल्या सरकारी डॉक्टरची नोंद बोलते.

केबिनमध्ये बोलावून, दार लावून, छापील राजीनाम्यावर सही घेण्याचा प्रकार तुझ्याही बाबतीत होऊ शकतो. सही केल्याशिवाय बाहेर सोडणार नाही, पोलिसांत देऊ, असं बोलतात. शक्यतो करू नकोस. पण झालीच, तर रडत घरी येऊन झोपू नकोस. त्याच संध्याकाळी ई-मेल आणि दुसऱ्या दिवशी पोस्टाने पत्र: "आज माझ्याकडून दबावाखाली राजीनाम्यावर सही घेतली, तो राजीनामा मी मागे घेत आहे, मी कामावर हजर राहीन." राजीनामा अमलात येण्याआधी तो मागे घेता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा मान्य केलंय. तीन महिन्यांनी "माझ्यावर दबाव होता" म्हणणाऱ्यावर कोर्ट सहसा विश्वास ठेवत नाही, आणि मधल्या काळात फुल अँड फायनलचे पैसे मुकाट घेतले असतील तर मुळीच नाही. पैसे परस्पर खात्यात टाकले तर लगेच कळव की ते हरकत ठेवून स्वीकारले आहेत आणि हिशेब मिटलेला नाही.

हे सगळं करूनही एक दिवस असा येऊ शकतो की तुला खरंच राहणं शक्य नाही. मी तुला मरेपर्यंत भंगार यार्डात उभा राहा असं सांगणार नाही. पण त्या दिवशीसुद्धा एचआरने टाईप केलेल्या कागदावर सही करायची नाही. राजीनामा तू स्वतः लिहायचा, आणि त्यात वरच्या सगळ्या तारखा, आधी दिलेल्या पत्रांचे संदर्भ, मिळालेलं किंवा न मिळालेलं उत्तर आलं पाहिजे, आणि शेवटी स्पष्ट वाक्य: "या परिस्थितीत मला काम करणे अशक्य करण्यात आले म्हणून नाइलाजाने मी जात आहे, हा स्वेच्छेचा राजीनामा नाही." व्हिडिओतल्या कन्स्ट्रक्टिव्ह डिसमिसलपर्यंत आपल्याकडे असं पोचता येतं. आधीची पत्रं असतील तर हा कागद वजनदार ठरतो, नसतील तर तो एकटा पडतो.

तू विचारलंस, केस चालू असताना दुसरीकडे काम केलं तर चालेल का. चालेल, पोट थांबत नाही. पण लपवायचं नाही. महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चुकीने काढलेल्याला सलग सेवा आणि मागील पगारासह परत घेणं हा सर्वसाधारण नियम आहे. मात्र मधल्या काळात आपण कुठे कमावत नव्हतो किंवा कमी कमावत होतो, हे कामगाराने आपल्या म्हणण्यात मांडायला हवं. खोटं शपथपत्र दिलं आणि पीएफच्या नोंदीतून दुसरी नोकरी निघाली, तर खऱ्या भागावरचाही विश्वास जातो.

समेट अधिकाऱ्यासमोर चांगली रक्कम घेऊन बाहेर पडायची वेळ आली तर त्यात कमीपणा मानू नकोस. किती घ्यायचे ते आपण बसून काढू. फक्त ते कामगार उपआयुक्त कार्यालयात, लेखी आणि चेकने व्हायला हवं, हॉटेलात चहा पिताना नाही.

राहिली साणंदची बदली. तोंडी धमकीला उत्तर देऊ नकोस, "लेखी द्या" एवढंच म्हण. आदेश हातात पडला की त्यावर स्थगिती मागायची आहे, आणि ती हजर होण्याच्या तारखेआधी मागावी लागते. आदेशात बहुतेक सात दिवसच दिलेले असतात. स्थगिती मिळाली नाही तर हरकत नोंदवून साणंदला हजर व्हावं लागेल. न गेलास तर तीही गैरहजेरीच होते. म्हणून आदेश घेताना सहीखाली "हरकतीसह स्वीकारला" असं लिही, तारीख आणि वेळ टाक, फोटो काढ आणि रात्रीचे कितीही वाजले असले तरी मला पाठव. येत्या रविवारी नेमणूकपत्र, तीन वर्षांच्या स्लिपा, तक्रारीची प्रत आणि तो फोन घेऊन घरी ये. येताना सोबतच्या ऑपरेटरांपैकी जो साक्षीला उभा राहील त्यालाही आण, पण त्याच्यावर जबरदस्ती करू नकोस. त्यालाही घर आहे.

तुझा,
वकीलकाका

ता. क. सोमवारच्या पत्राची प्रत सुरक्षा संचालनालयालाही पाठव. तक्रारीनंतर तुझ्यावर काय चाललंय याची नोंद त्यांच्या फाईलला लागलेली बरी.